परिपाठासाठी भाषण हवंय: छळ चालू असताना गप्प बघणाऱ्यांबद्दल

शर्वरी_का
भाची आठवीत आहे, शाळा पाचवी ते दहावी, मराठी माध्यम. पुढच्या सोमवारी परिपाठात तिला चार मिनिटं बोलायचंय. बाईंनी विषय दिलाय तो असा: कुणाला त्रास दिला जात असताना बाकीच्यांनी गप्प बघत राहिल्याने सगळ्यांचंच नुकसान कसं होतं, आणि स्वतः अडचणीत न येता मुलं मध्ये कशी पडू शकतात.

नेटवर मिळालेली सगळी भाषणं "अन्याय करणाऱ्यापेक्षा सहन करणारा..." पासून सुरू होतात आणि "चला तर मग, आज शपथ घेऊया" वर संपतात. मला पहिल्या भागासाठी काही तरी ठोस हवंय. दुसऱ्या भागात सहावीतल्या पोराला मधल्या सुट्टीत खरोखर जमेल असंच हवं. चारोळ्या नकोत, हात जोडते.

गोटीराम
चार मिनिटं? आमच्याकडे मुख्याध्यापकांचे 'दोन शब्द'च वीस मिनिटं चालायचे. उन्हात एक जण चक्कर येऊन पडला की मग मात्र सगळा वर्ग धावत मदतीला जायचा, कारण त्या निमित्ताने सावलीत जाता यायचं. (ह. घ्या.)

तळ्यात_मळ्यात
सुरुवात न्यूयॉर्कच्या किटी जिनोविजपासून करा. १९६४ साली तिच्यावर रस्त्यात हल्ला झाला, ३८ शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं आणि एकानेही काही केलं नाही. बघ्यांच्या मानसशास्त्राचा सगळा अभ्यास तिथूनच सुरू झाला. अंगावर काटा येतो, सभा एकदम शांत होते.

प्रमेय
अभ्यास तिथून सुरू झाला हे बरोबर. पण ३८ जण शांतपणे बघत बसले ही वर्तमानपत्राने रंगवलेली गोष्ट होती. पूर्ण प्रकार दिसला असे लोक फार थोडे होते. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला काही वेळापुरतं पळवून लावलं होतं आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन तिला धरून बसली होती. पुढे खुद्द त्या वर्तमानपत्रानेही आपली बातमी सदोष होती हे मान्य केलं. शिवाय पाचवीच्या मुलांसमोर सकाळी साडेसातला खुनाची गोष्ट कशाला?

त्यापेक्षा त्या घटनेनंतर लाताने आणि डार्ली या दोघांनी केलेला प्रयोग मुलांना जास्त कळेल. १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायला सुरुवात केली. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के उठून बाहेर सांगायला गेले. मग सोबत दोन माणसं बसवली, ती प्रयोग करणाऱ्यांचीच. धूर दिसला की ती खांदे उडवायची आणि फॉर्म भरत राहायची. आता उठणारे राहिले १० टक्के. बाकीचे खोकत, धूर हाताने बाजूला करत लिहीत बसले.

ही मुलं दुष्ट नव्हती, घाबरटही नव्हती. प्रत्येक जण शेजाऱ्याचा चेहरा बघून 'काही विशेष नसणार' असं ठरवत होता. वर्गात नेमकं हेच होतं. चाळीस जणांना आतून वाईट वाटत असतं, पण प्रत्येकाला समोर एकोणचाळीस निर्विकार चेहरे दिसतात.

वाघोबा
एवढं पुराण कशाला? मुलांना कराटे शिकवा. त्रास देणाऱ्याच्या एक कानाखाली बसली की विषय संपतो. आपल्या वेळी असंच मिटायचं.

मृण्मयी_जो
वाघोबा, भाषण बघणाऱ्यांसाठी आहे हो, मार खाणाऱ्यासाठी नाही. आणि विषय संपत नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग शाळेच्या फाटकाबाहेर, तीन जण वाढवून होतो.

शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोरांटोतल्या संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून आणि मुलांना छोटे माइक देऊन प्रत्यक्ष प्रसंग टिपले होते. २००१ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत १०० पैकी ८८ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मध्ये पडलं कुणी? १९ प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, प्रकार दहा सेकंदांत थांबला. भाषणासाठी मला हे दहा सेकंद सोन्यासारखे वाटतात. मुलांची समजूत असते की मध्ये पडायचं म्हणजे मोठं भांडण ओढवून घ्यायचं.

त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं. जी मुलं त्रास देणाऱ्याला उद्देशून बोलली त्यांचं बोलणं बहुतेकदा आक्रमक झालं. जी त्रास होणाऱ्याकडे वळली त्यांचं तसं झालं नाही. म्हणून मी मुलांना पहिली गोष्ट हीच सांगते की दादागिरी करणाऱ्याशी बोलूच नका. ज्याला त्रास होतोय त्याच्याशी बोला.

"सगळ्यांचं नुकसान" या भागासाठी: इंग्लंडमध्ये २००० च्या वर विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात (२००९) नुसतं बघणाऱ्यांच्याही मनावर ताण दिसला, आणि तो त्यांना स्वतःला कधी त्रास झाला होता का, याचा हिशेब वजा करूनही शिल्लक राहत होता. बघणारा मनात दोन गोष्टी मोजत असतो, 'उद्या माझा नंबर' आणि 'मी काहीच केलं नाही'. ज्याला त्रास होतोय तो गप्प असलेल्यांना 'तटस्थ' धरत नाही, विरुद्ध बाजूचे धरतो. आणि त्रास देणाऱ्याला तेच चेहरे टाळ्यांसारखे वाटतात. एक गप्प चेहरा, तीन माणसांनी वाचलेले तीन अर्थ. एवढं भाचीने नीट सांगितलं तरी भाषणाचा पहिला भाग झाला.

आईशपथ
माझ्या मुलाला रिक्षात नववीची दोन मुलं रोज त्रास देतात. दप्तरावर पाय देऊन बसतात, आडनावावरून बोलतात. रिक्षावाले काका म्हणतात पोरंच ती. तक्रार कुणाकडे करायची? शाळा म्हणते फाटकाबाहेरचं आम्ही बघत नाही.

मृण्मयी_जो
आईशपथ, यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू. तूर्तास: तारीख, वेळ आणि बोललेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहायला लागा. मुख्याध्यापकांना तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रात शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला हवी, ती आहे का आणि त्यात कोण आहे हे अर्जातच विचारा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे पालकही बोलू शकतात. आडनावावरून जे बोलतात ते अर्जात स्पष्ट लिहा, 'चिडवतात' एवढंच नको.

शर्वरी_का
प्रमेय, मृण्मयी, खूप आभार. धुराची गोष्ट घेतेच. दुसरा भाग अजून हवेत आहे. "त्रास होणाऱ्याशी बोला" म्हणजे नक्की काय बोलायचं? तिला एक प्रसंग उभा करून द्यायचाय.

बाकावरचा_तिसरा
पाण्याच्या बाटलीचा घ्या, प्रत्येक शाळेत होतो. मधली सुट्टी, नळाजवळ सातवीची तीन मुलं पाचवीतल्या एकाची बाटली एकमेकांकडे फेकतायत, तो मधे उड्या मारतोय. दहा-बारा जण गोल करून उभे, दोघे जोरात हसतायत.

बघणाऱ्याला करता येतं ते असं. आधी हसायचं थांबायचं आणि गोलातून बाहेर पडायचं, शेजारच्याला "चल" म्हणून सोबत घेऊन. यात काहीच धैर्य लागत नाही, पण गोल फुटतो आणि फेकणाऱ्यांची मजा निम्मी होते. आता दोघं झालात. दोघांनी मिळून त्या मुलाच्या बाजूला जायचं, फेकणाऱ्यांकडे न बघता त्याला म्हणायचं, "चल, डबा खायला बस आमच्यात," आणि चालायला लागायचं. बाटली सोडून द्यायची. सगळा खेळ त्याच्या उड्यांवर चाललेला असतो. तो निघून गेला की उरते एक प्लास्टिकची बाटली आणि तीन मोठी पोरं, आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं.

कोकम_सरबत
बाटली सोडून द्यायची? घरी आई काय म्हणेल त्याला? ही बाजू तुम्ही लोक धरतच नाही.

बाकावरचा_तिसरा
मुद्दा रास्त. म्हणून दोघांतला एक जण सुट्टीच्या देखरेखीवर असलेल्या सरांकडे जातो. तिथे मुलं गडबडतात ती अशी: "सर, ते ना, त्याला लय त्रास देतात." सर म्हणतात, "बरं, बघतो." आधी जागा सांगायची, मग काय चाललंय, मग 'आत्ता'. "सर, नळाजवळ, सातवीची तिघं पाचवीच्या मुलाची बाटली देत नाहीयेत, आत्ता." एवढ्या वाक्यावर सर जागचे हलतात, कारण कुठे जायचं ते कळलेलं असतं. बाटली परत आणणं हे सरांचं काम.

प्राजक्ती
आमच्याकडे पोरं "ए, सर आले!" ओरडतात. झटक्यात पांगापांग. हे सगळ्यात सोपं.

निवृत्त_मास्तर
एकदा चालतं. दुसऱ्यांदा सर आलेले नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ओरडणारा उघडा पडतो. शिवाय परिपाठात उभं राहून खोटं बोलायला शिकवणं मला पटत नाही.

प्राजक्ती
मास्तर, पाचवीतलं पोर वाचत असेल तर एक थाप चालेल हो.

निवृत्त_मास्तर
वाचायला हरकत नाही. पण खरं वाक्य हाताशी असताना खोटं कशाला? "घंटा व्हायला आली, चल" हेही खरंच असतं, सुट्टी असते किती वेळ!

मला दुसरंच सांगायचं होतं. भाषणात मध्ये कधी पडू नये ते आलंच पाहिजे, नाहीतर एखादा सहावीतला वीर दात पाडून घेईल. हाणामारी सुरू झाली असेल, कुणाच्या हातात कंपासपेटीतलं करकटक किंवा दगड असेल, समोरची मुलं बरीच मोठी किंवा शाळेबाहेरची असतील, किंवा जागा आडोशाची असेल (स्वच्छतागृह, जिन्याखाली, सायकल स्टँडच्या मागे), तर जवळ जायचंच नाही. सरळ मोठ्या माणसाकडे पळायचं. शिपाईमामा, सेवक, बसच्या ताई, जे कुणी जवळ असेल ते. मुलांना वाटतं सांगायचं ते फक्त वर्गशिक्षकांनाच.

गोटीराम
शिपाईमामांना अनुमोदन. शाळेत कोण कुठे काय करतंय हे त्या एकाच माणसाला माहीत असतं.

मृण्मयी_जो
मास्तरांशी सहमत, आणि या यादीपायी भाषण अर्धा मिनिट लांबलं तरी चालेल.

प्रसंग संपल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही. ज्याला त्या क्षणी काहीच जमलं नाही, त्याच्यासाठी हाच भाग असतो, आणि असली मुलंच जास्त असतात. त्याच दिवशी, बाकीचे आसपास नसताना त्या मुलाला गाठून म्हणायचं, "मघाशी मी होतो तिथे. ते बरोबर नव्हतं. बाईंना सांगायला सोबत येऊ का?" शेवटचा प्रश्नच असायला हवा. परस्पर सांगून टाकलं तर त्याला वाटतं आता हेही माझ्या हातात राहिलं नाही. (मार, धमकी, अंगाला हात लावणं असं असेल तर मात्र विचारत बसायचं नाही, सांगायचंच.) "तूही उलट बोलायला हवं होतंस" हे वाक्य चुकूनही नको.

तळ्यात_मळ्यात
जिनोविज मागे घेतो. पण मग सुरुवात चटका लावणारी हवीच. "आपण सगळे बघे झालो आहोत! या वर्गातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तमाशा पाहिला आहे!" अशी? आणि "ज्यांनी पाहिलंय त्यांनी हात वर करा".

प्रमेय
दोन्ही नकोत. "सगळे गप्प बसतात" असं माइकवरून सांगितलं की मुलं ऐकतात ते एवढंच की गप्प बसणं हीच इथली रीत आहे. न्यू जर्सीतल्या पाच शाळांमध्ये उलटा प्रयोग झाला होता, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधी मुलांना विचारलं की कुणाला त्रास देणं तुला स्वतःला पटतं का, आणि इतरांना पटत असेल असं वाटतं का. बहुतेकांना स्वतःला पटत नव्हतं, पण इतरांना चालतं असा त्यांचा समज होता. मग त्याच शाळेचे खरे आकडे पोस्टर करून भिंतींवर लावले. हा गैरसमज कमी झाला आणि त्रास देण्याचं प्रमाणही खाली आलं.

भाचीच्या बाईंना जमलं तर या आठवड्यात प्रत्येक वर्गात नाव न लिहिता एक चिठ्ठी भरून घ्यावी. एकच प्रश्न: "कुणाला त्रास दिला जातो तेव्हा तुला आतून कसं वाटतं?" पर्याय तीन: मजा वाटते, काही वाटत नाही, वाईट वाटतं. सोमवारी सुरुवातीलाच तो आकडा सांगायचा. "आपल्या शाळेतल्या इतक्या जणांना वाईट वाटतं" या वाक्याइतका चटका कुठल्याही सुविचाराला नाही.

निवृत्त_मास्तर
आणि आकडा उलटा आला तर?

प्रमेय
तर तो वाचायचा नाही, शिक्षकांनी बघायचा. पण प्रश्न खरा आहे. चिठ्ठ्या आधी मोजायच्या, भाषण मग पक्कं करायचं.

मृण्मयी_जो
हात वर करायला तर अजिबात सांगू नका. ज्याच्यामुळे त्रास होतो तोही त्याच रांगेत उभा असतो आणि कोणाचा हात वर गेला ते बघत असतो. त्याच कारणाने शाळेत खरोखर घडलेल्या प्रसंगाशी मिळतंजुळतं उदाहरण नको. बाटलीचा प्रसंग त्या शाळेत नुकताच घडला असेल तर डबा करा, पाचवीऐवजी सहावी करा. नाहीतर भाषण चालू असताना तीनशे माना एका मुलाकडे वळतात, आणि तो त्या दिवशीचा सगळ्यात मोठा छळ ठरतो. उदाहरणात जाड, काळा, तोतरा, 'गावाकडचं बोलणारा' असलं वर्णनही नको. सुट्टीत त्याचंच टोपणनाव होतं.

प्राजक्ती
आणि व्हॉट्सॲप? आठवी ते दहावीत निम्मा प्रकार तिथेच. वर्गातल्या मुलीच्या फोटोचं स्टिकर करून ग्रूपवर टाकतात, बाकीचे हसरे चेहरे टाकतात.

बाकावरचा_तिसरा
तिथेही तेच, हसरा चेहरा म्हणजे गोलातलं हसणं. टाकायचा नाही, पुढे पाठवायचं नाही. ग्रूपवर वाद घालण्यापेक्षा त्या मुलीला वेगळा मेसेज करायचा: "मी पाहिलं, मला आवडलं नाही, तू बरी आहेस ना?" स्क्रीनशॉट काढताना वेळ आणि टाकणाऱ्याचं नाव दिसेल असा काढायचा, कारण स्टिकर नंतर उडवून टाकतात. पण कपड्यांशिवायचा किंवा तसला फोटो असेल तर स्क्रीनशॉटही नाही. अल्पवयीन मुलांचे असे फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी त्यात शिरू नये. फोन आहे तसा नेऊन घरच्या मोठ्यांना दाखवायचा. पुढची तक्रार त्यांनी करायची, 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर.

चार मिनिटांत हे मावणार नाही मात्र. वेगळं भाषण करा.

शर्वरी_का
व्हॉट्सॲप पुढच्या वेळी. कच्चा मसुदा टाकते, सुरुवात आणि मधला भाग. बिनधास्त कात्री चालवा.

"एका खोलीत धूर येत होता. आत एकटा असलेला मुलगा उठून सांगायला गेला. पण जिथे शेजारची दोघं शांत बसली होती, तिथे दहातल्या नऊ जणांनी धुराकडे बघितलं, शेजाऱ्याकडे बघितलं आणि लिहीत राहिले. त्यांना धूर दिसत नव्हता का? दिसत होता. त्यांना वाटलं, हे दोघं शांत आहेत म्हणजे काही नसेल.

सुट्टीत कुणाचा डबा पळवतात तेव्हा आपणही असंच शेजारी बघतो. तो हसतोय, म्हणजे गंमत असेल. तो मात्र माझ्याकडे बघून तेच म्हणत असतो. ज्याचा डबा गेला त्याला वाटतं, हे सगळे त्यांच्याच बाजूचे. ज्याने पळवला त्याला वाटतं, हे सगळे माझ्याच बाजूचे. आणि आपण तर कुणाच्याच बाजूचे नव्हतो.

मग काय करायचं? मारामारी नाही करायची. हसणं थांबवा. शेजारच्याला घेऊन तिथून निघा. त्या मुलाला म्हणा, चल, आमच्यात बस. हात उगारलेला दिसला तर जवळ जाऊ नका, पळत जा आणि सांगा: कुठे, काय, आत्ता. आणि काहीच जमलं नाही, तर शाळा सुटायच्या आत त्याला एवढं म्हणा, मी पाहिलं, ते बरोबर नव्हतं.

हे सगळं तुम्ही बाईंना सांगू शकता. तुमचं नाव कुणालाही कळणार नाही."

निवृत्त_मास्तर
छान जमलंय. "आपण तर कुणाच्याच बाजूचे नव्हतो" नंतर तीन सेकंद थांबायला सांगा. मोकळ्या मैदानावर कर्ण्याचा आवाज मागून परत येतो, लहान वाक्यं आणि मधले थांबे असले तरच शेवटच्या रांगेला कळतं. मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा जास्त नको. माइक आठवीच्या मुलीच्या उंचीला आधीच लावून ठेवा, नाहीतर पहिली दोन वाक्यं सातवीच्या सरांच्या छातीच्या उंचीवर जातात.

कोकम_सरबत
"दहातल्या नऊ जणांनी" हे आत्ता ठरल्याप्रमाणे 'सगळे गप्प बसतात' होत नाही का?

प्रमेय
थोडं होतं. म्हणून एकट्याचा आकडाही हवा: चारांतले तीन उठले. मग ऐकणाऱ्याला कळतं की माणसं मुळात उठणारी असतात, शेजाऱ्याकडे बघून बसतात.

मृण्मयी_जो
शेवटचं वाक्य काढा. "नाव कुणालाही कळणार नाही" असं वचन कोणताही शिक्षक देऊ शकत नाही. लैंगिक स्वरूपाचं काही कानावर आलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, गुपित ठेवता येत नाही. एकदा वचन मोडलं गेलं की पुढचं पोर येत नाही. "तुझं नाव त्या मुलांना सांगणार नाही, आणि कुणाला सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन" इतकंच म्हणता येतं, आणि तेही शिक्षकांनी मान्य केलं असेल तर.

नुसतं 'बाईंना' पण नको. कोणत्या बाई, कुठे बसतात, कधी भेटतात? तक्रारपेटी असेल तर ती कुठे लावलीय ते बघून या. मुख्याध्यापकांच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर असेल तर तिच्यात कागद पडत नाहीत. वाचनालयाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या वाटेवर हवी, आणि ठरलेल्या वारी कोणी तरी उघडायला हवी.

वाघोबा
एवढं सगळं करून त्या दादागिरी करणाऱ्याला काय शिक्षा? तो तर तसाच राहिला.

मृण्मयी_जो
शिक्षा काय करायची हे मुलांच्या भाषणात ठरत नाही. पण प्रेक्षक गेले की त्यातली बरीच मुलं थांबतात. थांबत नाहीत त्यांच्यासाठी शाळेला वेगळं काम करावं लागतं, आणि अनेकदा त्यांच्या घरी काय चाललंय ते बघावं लागतं.

वाघोबा
बरं. कराटे तरी चालू ठेवतो.

शर्वरी_का
बाईंशी बोलले. चिठ्ठ्या उद्या-परवा भरून घेतायत, फक्त सातवी ते नववी. पेटी सध्या ऑफिसच्या खिडकीखाली आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध चालू आहे. मुलांनी कुणाला भेटायचं ते नाव मात्र अजून ठरत नाहीये. दोन शिक्षिका तयार आहेत, पण मुलग्यांसाठी एक सर हवेत असं बाईंचं म्हणणं, आणि सर लोक एकमेकांकडे बघतायत.

गोटीराम
धूर येतोय का बघा हो स्टाफरूममध्ये.

शर्वरी_का
:D शनिवारपर्यंत नाव नाही आलं तर ते वाक्य गाळून फक्त दोन बाईंची नावं आणि १०९८ ठेवणार आहे.